‘डन’ म्हणजे काय हो? सियागंजच्या एका दुकानासाठी शनिवारचा स्प्रिंट रिपोर्ट

आमची इंदूरमधली छोटी सॉफ्टवेअर टीम आहे, चार डेव्हलपर, एक टेस्टिंगवाली आणि मी. मी म्हणजे क्लायंटशी बोलणारा, टीमच्या कामांचा बोर्ड सांभाळणारा, आणि दर शनिवारी ‘ह्या आठवड्यात काय झालं’ ते लिहून पाठवणारा. हे प्रकरण त्या शनिवारच्या लिहिण्याचंच आहे.

क्लायंट म्हणजे सियागंजमधले एक काका. किराणा-मसाल्याचं होलसेल, तीन पिढ्यांचं दुकान, घर रामबागेत. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि इंग्रजी म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर मुनीमजी जिथे बोट ठेवतील तिथे सही करण्यापुरती. सहा सेल्समन देवास, महू, धार, उज्जैनच्या दुकानांतून वहीवर ऑर्डरी लिहून आणायचे, ते आम्हाला अ‍ॅपवर आणायचं होतं. काम दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत, त्या टप्प्याला आम्ही स्प्रिंट म्हणतो, आणि दर शनिवारी रिपोर्ट. चौथ्या स्प्रिंटपर्यंत मी तो इंग्रजीत पाठवायचो, कारण बोर्ड इंग्रजीत, टीम इंग्रजीत, आणि काकांचा पुतण्या बीकॉम आहे, तो वाचून सांगतो असं ठरलेलं. (जाता जाता, आमच्या बोर्डाचं सॉफ्टवेअर जिरा. पहिल्या मीटिंगमध्ये मी म्हटलं “काका, सगळं जिरामध्ये टाकलंय” तर ते गंभीरपणे म्हणाले “उंझ्याच्या मंडीतला भाव बघून टाक.” पाच मिनिटं कुणाला काही कळेना.)

शनिवार 7 तारखेला गेलेला रिपोर्ट हा असा होता, एक अक्षर न बदलता:

```
Sprint 4, Week 1 | 22/34 pts
Credit limit check: Done
Order SMS: Blocked (DLT pending, client)
Tally sync: In progress
```

आमच्या दृष्टीने ह्यात काहीच चूक नाही. डन म्हणजे कोड लिहून झाला, दुसऱ्याने तपासला, टेस्टिंगवालीने टेस्ट सर्व्हरवर चालवून बघितला. टीमने स्वतःच ठरवलेली व्याख्या आहे ती, आणि त्यात ‘सेल्समनच्या फोनवर गेलं’ हे कुठेच नाही, कारण ते रिलीजला होतं, स्प्रिंट संपल्यावर.

पुतण्याने वाचलं आणि सांगितलं, “काका, क्रेडिट लिमिट झालं, एसएमएस ब्लॉक झालाय, टॅलीचं चालू आहे, चौतीसपैकी बावीस मार्क.” काकांनी ह्यातून काय घेतलं ते नंतर कळलं. लिमिट झालं म्हणजे वापरायला मोकळं. एसएमएस ब्लॉक झाला म्हणजे कुणीतरी आमचा नंबर ब्लॉक केलाय, सॉफ्टवेअरवाले सोडवतील. टॅली चालू आहे म्हणजे चालतंय, सुरू आहे. चार ओळींपैकी तीन उलट्या पोचल्या, आणि पुतण्याचं इंग्रजी काही वाईट नव्हतं बरं का, त्याने शब्दाला शब्द बरोबर सांगितलं होतं.

मग सोमवारी 9 तारखेला काकांनी दोन सेल्समनना सांगितलं की उद्यापासून नाही, आजपासूनच वही बंद. त्या दोघांच्या फोनवर आम्ही ट्रायलसाठी टेस्टचं अ‍ॅप टाकून दिलेलं होतं, वरती पिवळी पट्टी असलेलं. त्यांनी सोमवार-मंगळवार मिळून 23 ऑर्डरी त्यात टाकल्या. अ‍ॅपने छान हिरवी खूण दाखवली, लिमिटही बरोबर तपासलं, सगळं मस्त चाललं. फक्त त्या ऑर्डरी गोडाऊनला जातच नव्हत्या, त्या आमच्या टेस्ट सर्व्हरवर बसल्या होत्या, आणि तो सर्व्हर दर मंगळवारी रात्री आपोआप पुसून नवीन होतो. बुधवारी सकाळी देवासच्या एका पार्टीचा फोन, माल कुठंय. एका सेल्समनला जुनी सवय म्हणून डायरीतही लिहायची खोड होती म्हणून त्याच्या 14 वाचल्या, दुसऱ्याच्या 9 ऑर्डरी पार्ट्यांना परत फोन करून विचाराव्या लागल्या, आणि होलसेलमध्ये “भिया, तुम्ही काय सांगितलं होतं परवा” असं विचारणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

काका ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “तूच तर लिहिलं होतं झालं म्हणून.”

माझा पहिला उपाय चुकीचाच होता. मी विचार केला भाषेचा प्रश्न आहे, मराठीत लिहू. शनिवार 14 तारखेचा रिपोर्ट मराठीत गेला, आणि तो इंग्रजीपेक्षा वाईट होता. ‘पत मर्यादा तपासणी पूर्ण. संदेश सेवा ग्राहकाकडून प्रलंबित. टॅली समक्रमण प्रगतिपथावर.’ असलं मराठी आमच्या घरात कुणी बोलत नाही, काका तर नाहीच. त्यात मी एका ठिकाणी लिहिलं, ‘ऑर्डर रद्द करायचं बटण परवा टेस्टिंगला दिलंय’, आणि पुतण्याने घाईत पुढे सांगितलं की परवा देणारेत. आपल्या मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, बोलताना ‘गेलं’ की ‘जाईल’ ह्यावरून कळतं, पण सांगोवांगी गेलं की ते शेपूट पहिलं गळतं. त्या दिवसापासून रिपोर्टमध्ये परवा बंद. वार आणि तारीख, बस.

मंगळवारी 17 तारखेला मी दुकानात जाऊन बसलो. लॅपटॉप नेला नाही. काकांना म्हटलं, मला फक्त सांगा, धारच्या पार्टीने फोन करून विचारलं माझा माल झाला का, तर तुम्ही काय सांगता? ते म्हणाले झाला का असं कोण विचारतं, विचारतात निघाला का. मग सांगतो की अजून बांधायचाय, किंवा बांधून ठेवलाय, किंवा ट्रान्सपोर्टला देऊन बिल्टी कटली, किंवा पोचला. आणि पोचला म्हणजे त्याने मोजून घेतला तेव्हा पोचला, गाडी दारात उभी राहिली म्हणजे नव्हे.

म्हणजे ज्या माणसाला मी ‘डन’ समजावून सांगू शकत नव्हतो त्याच्याकडे आमच्यापेक्षा बारीक व्याख्या आधीच होती. आमच्या बोर्डवर पाच रकाने, त्यांच्या तोंडी चार शब्द, आणि दोन्ही जवळजवळ जुळतात. कोड लिहिणं आणि एकमेकांचा तपासणं हे दोन्ही त्यांच्यासाठी ‘बांधतोय’. टेस्टिंग पास होऊन टेस्ट सर्व्हरवर आहे ते ‘बांधून ठेवलंय, येऊन बघा’. आणि सेल्समनच्या खऱ्या अ‍ॅपमध्ये गेलं, आणि त्यातून एक खरी ऑर्डर गोडाऊनला गेली, तेव्हा ‘पोचलं’. आमचं डन ह्या हिशोबात बिल्टीसुद्धा नाही, गोडाऊनमध्ये बांधून ठेवलेलं पोतं आहे फक्त.

इथे एक कबुली देतो. ‘पोचलं’ लिहायला आम्हाला ती खरी ऑर्डर बघावी लागते, म्हणजे सोमवारी सकाळी कुणीतरी गोडाऊनच्या माणसाला फोन करून विचारायचं की आला का कागद. टीमला हे आवडलं नाही, त्यांचं म्हणणं रिलीज झालं की आमचं काम संपलं. ठीक आहे, बोर्डवर संपलं. पण काकांच्या रिपोर्टमध्ये तो शब्द फोननंतरच येतो.

दुसरी गोष्ट त्याच बैठकीत सापडली. स्प्रिंटमधून जे उरतं आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये जातं त्याला आम्ही कॅरी ओव्हर म्हणतो, आणि इंग्रजी रिपोर्टमध्ये ते सरळ पुढच्या आठवड्याच्या यादीत मिसळून जायचं. टॅलीची जोडणी अशी सलग रिपोर्टांमध्ये ‘इन प्रोग्रेस’ होती आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं की ती तीच आहे, सरकतच नाहीये. काकांच्या खातेवहीत ह्याला शब्द आहे, मागील बाकी. पान उलटलं की वरती पहिली ओळ तीच. आणि बाकीला वय असतं, पंधरा दिवसांची बाकी आणि तीन महिन्यांची बाकी सारखी नसते. मी रिपोर्टमध्ये ‘मागील बाकी’ असा भाग केला आणि प्रत्येक कामापुढे कितवा आठवडा ते लिहायला लागलो. खरं सांगायचं तर ह्याचा पहिला चटका आम्हालाच बसला. ‘टॅली जोडणी, तिसरा आठवडा’ हे स्वतःच्या हाताने लिहिताना मला पहिल्यांदा डेव्हलपरला विचारावंसं वाटलं की नक्की अडलंय कुठे.

अडलं होतं ते असं. टॅलीमधून पार्टीची बाकी आमच्याकडे घ्यायची तर दुकानातला कंप्युटर चालू पाहिजे, टॅली उघडं पाहिजे, त्यात कंपनी लोड केलेली पाहिजे, मग पोर्ट 9000 वरून आमचा प्रोग्रॅम विचारतो आणि उत्तर मिळतं. डेव्हलपर जेवून आला की टेस्ट करायचा, दुपारी अडीच-तीनला, आणि मुनीमजी दोन ते चार कंप्युटर बंद करून घरी जेवायला. तो बिचारा दोन आठवडे आपल्याच कोडमध्ये चूक शोधत होता! हे रिपोर्टमध्ये ‘टॅली सिंक: कनेक्शन इश्यू’ म्हणून गेलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. ‘दुपारी कंप्युटर बंद असतो म्हणून टॅली उत्तर देत नाही’ असं लिहिलं तर पाचवीतलं पोरगंही सांगेल काय करायचं.

तिसरी गोष्ट एसएमएसची. कंपन्यांनी ग्राहकांना एसएमएस पाठवायचा असेल तर आपल्याकडे डीएलटी नोंदणी लागते, ट्रायच्या नियमाने, टेलिकॉम कंपनीच्या पोर्टलवर. ज्याच्या नावाने मेसेज जाणार त्याची नोंदणी, म्हणजे दुकानाची, आमची नाही. पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र. मग पाठवणाऱ्याचं नाव मंजूर होतं, आणि मग मेसेजचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यायचा, बदलणाऱ्या जागी ठरलेली खूण लिहून. ह्यातला पत्राचा भाग काकांशिवाय कुणी करूच शकत नाही. आणि आम्ही तीन आठवडे लिहीत होतो, ‘पेंडिंग, क्लायंट’. काकांना क्लायंट म्हणजे कोण हेच माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं तो कुणी आमच्या ऑफिसातला माणूस असेल जो काम करत नाहीये. खरंच, असंच म्हणाले ते, “तुमचा तो क्लायंट भारी आळशी आहे.”

तेव्हा नियम असा केला की अडलेल्या कामात माणूस पाहिजे आणि त्याने करायची एकच कृती पाहिजे. ‘प्रलंबित आहे’ ह्या वाक्यात माणूसच नाही, त्यामुळे ते कुणाच्याच अंगाला लागत नाही.

तर हे सगळं धरून शनिवार 21 तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर जे गेलं ते हे:

नमस्कार काका. शनिवार 21 तारीख.

पोचणार: उधारी लिमिट. सोमवार 23 ला सकाळी सहाही सेल्समनच्या खऱ्या अ‍ॅपमध्ये टाकतो. लिमिटच्या वरची ऑर्डर अडकेल आणि मुनीमजींच्या फोनवर येईल, ते हो म्हणाले की पुढे जाईल. काय येणार नाही ते पण सांगतो: पार्टीची बाकी आपोआप येत नाही, मुनीमजींना रोज सकाळी टाकावी लागेल. वही अजून एक आठवडा बंद करू नका.

बांधून ठेवलंय: ऑर्डर रद्द करायचं बटण. फक्त पिवळ्या पट्टीच्या अ‍ॅपमध्ये आहे. पिवळ्या पट्टीतली ऑर्डर गोडाऊनला जात नाही.

मागील बाकी: टॅली जोडणी, तिसरा आठवडा. दुपारी 2 ते 4 कंप्युटर बंद असतो म्हणून अडलं. शनिवार 28 हा अंदाज आहे, वायदा नाही.

तुमच्याकडून: एक पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्का. सोमवारी मी दुकानात घेऊन येतो. हे झाल्याशिवाय ऑर्डरचा एसएमएस सुरू होणार नाही.

काका, सोमवारी सेल्समनना काय सांगाल तेवढं मला बोलून पाठवा.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि ती सौजन्य म्हणून नाहीये. ‘कळलं का’ विचारलं तर काका ‘हो’च म्हणतात, कुणीही म्हणतो. पण सोमवारी काय सांगाल ह्याचं उत्तर चुकीचं असेल तर रविवारीच पकडता येतं. त्या पहिल्याच व्हॉइस नोटमध्ये काका म्हणाले, “सांगतो की लिमिट आलं, वही चालू ठेवा, आणि पिवळ्यावाल्यात हात लावू नका.” बरोबर. पुढे एकदा म्हणाले, “सांगतो की रद्द करायचं बटण आलंय”, तेव्हा ते बांधूनच ठेवलेलं होतं, मग लगेच फोन केला. हेच 7 तारखेला विचारलं असतं तर 23 ऑर्डरी वाचल्या असत्या.

अंदाज आणि वायदा ह्यावर थोडं बोलतो. स्प्रिंटची ही पद्धत ज्या स्क्रममधून आली त्याच्या अधिकृत गाइडमध्ये पूर्वी टीम स्प्रिंटच्या कामाचं कमिटमेंट देते असं होतं, 2011 मध्ये ते बदलून फोरकास्ट केलं, म्हणजे अंदाज. इंग्रजीत तो वाद वाटेल शब्दांचा, पण सियागंजमध्ये वायदा म्हणजे पैशाचा वायदा, तारीख चुकली तर पुढचा माल बंद. आणि मराठीत नुसतं ‘28 ला करू’ लिहिलं तर समोरचा तो वायदाच धरतो. म्हणून आता ज्याचं टेस्टिंग पास झालंय आणि नुसतं टाकायचं राहिलंय त्याचाच वायदा देतो, बाकी सगळा अंदाज, आणि शब्द दर वेळी लिहितो, आळस करत नाही.

पॉइंट काढून टाकले. 22/34 हे टीमला पुढच्या स्प्रिंटमध्ये किती काम घ्यावं ते कळायला असतं, त्यातला एक पॉइंट म्हणजे किती तास हे आम्हीही सांगू शकत नाही. काकांना वाटलं होतं पासष्ट टक्के घर बांधून झालं. टक्केसुद्धा देत नाही. काकांनी एकदा विचारलं, “एकूण किती राहिलं?” तर मी सांगितलं अजून पाच गोष्टी पोचायच्यात, आणि पाच नावं लिहिली. ते त्यांना पुरलं.

रिपोर्ट बनवायला आता मी बोर्डवर आधी हे चालवतो, आठवड्यात खरोखर काय सरकलं ते बघायला, कारण आठवणीवर लिहिलं की मी नेहमी जास्तच लिहितो:

```
status CHANGED TO "Done" AFTER -7d
```

त्यातून आठ-दहा तिकिटं निघतात आणि त्यातली अर्धी काकांच्या कामाची नसतात, सर्व्हरचं काहीतरी, लायब्ररी अपडेट वगैरे. ती मी सगळी मिळून एका वाक्यात टाकतो किंवा टाकतही नाही. इथे डेव्हलपर रुसतात, की आठवडाभर राबलो आणि रिपोर्टमध्ये नावही नाही. मग मी इंग्रजीतला जुना रिपोर्ट टीमच्या ग्रुपवर चालू ठेवला, तिथे पॉइंटही आहेत. दोन रिपोर्ट लिहावे लागतात, वीस मिनिटं जास्त जातात, दुसरा मार्ग मला दिसला नाही.

एक गोष्ट मात्र ह्या पद्धतीने अजून नीट बसत नाही, ती म्हणजे निर्णय घ्यायचे असतात तेव्हा. एसएमएसचा मजकूर हिंदीत ठेवायचा की इंग्रजी अक्षरांत, हे काकांनी ठरवायचं होतं. देवनागरीत एक एसएमएस 70 अक्षरांत संपतो, इंग्रजी अक्षरांत 160 पर्यंत जातो, म्हणजे तोच मेसेज देवनागरीत दोन-तीन मेसेजचे पैसे खातो. हे रिपोर्टमध्ये लिहायला गेलो तर रिपोर्ट लांबतो, ‘अधिक वाचा’च्या खाली जातो आणि खालचं काका वाचत नाहीत हे आता अनुभवाने माहीत झालंय. शेवटी फोनच केला. काकांनी पाच सेकंदांत ठरवलं, “हिंदीतच ठेव, छोटा कर. नमस्कार-धन्यवाद काढून टाक, पार्टीला ऑर्डर नंबर आणि रक्कम पाहिजे.” मजकूर 70 च्या आत आला.

पत्रावर सही सोमवारी दुकानात उभ्याउभ्या झाली, गल्ल्यातून शिक्का काढून. त्याच सोमवारी लिमिटही गेलं, आणि गोडाऊनच्या माणसाने अकरा वाजता फोनवर सांगितलं की पहिला कागद आला.

टॅलीचा अंदाज चुकला. शनिवार 28 ला मला लिहावं लागलं, ‘ह्या आठवड्यात नवीन काहीच पोचलं नाही. मागील बाकी: टॅली जोडणी, चौथा आठवडा.’ पाठवायच्या आधी दहा मिनिटं फोन हातात धरून बसलो होतो, कारण इंग्रजीत असताना अशा आठवड्यातही काहीतरी भरीव दिसेल असं लिहिता यायचं. काकांची व्हॉइस नोट आली, मागे दुकानाचा गोंधळ, तराजूचा आवाज.

“बरं. मुनीमजींना सांगितलंय, जेवायला जाताना कंप्युटर बंद नाही करणार. आता सांग कधी. अंदाज सांग, वायदा नको.”